४.५६ की ४.९२? बफरच्या गणितात लॉग घेण्याआधी काय बघायचं

"बफरच्या गणितात माझा फॉर्म्युला चुकत नाही, तरी उत्तर चुकतं. चारही पर्याय इतके जवळजवळ असतात की मला जे येतं ते त्यात सापडतंच, त्यामुळे चुकलंय हे कळतच नाही. लॉग घेताना वर काय, खाली काय, आणि बार आला की पुढे काय करायचं, तिथे हमखास गोंधळ होतो. सीईटीत कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल नाही. आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे कसं ओळखू?"
बारावी सायन्सची विद्यार्थिनी, तासगाव

तुझं उत्तर पर्यायांत सापडतं, कारण पेपर काढणाऱ्याने तुझी चूक आधीच करून पाहिलेली असते. बफरच्या प्रश्नात चुकीचे पर्याय सहसा मनाला येतील तसे लिहिलेले नसतात. एक पर्याय अपूर्णांक उलटा धरणाऱ्यासाठी असतो, एक वजाबाकी विसरणाऱ्यासाठी, एक प्रश्नातले आकडे जसेच्या तसे सूत्रात घालणाऱ्यासाठी. म्हणून "उत्तर पर्यायांत आहे" ही खात्री इथे कामाची नाही. खात्री लॉग घेण्याच्या आधी करून घ्यायची असते. कशी, ते एका प्रश्नावरच बघू.

०.१ मोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड १०० मिली घेतलं. त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ४० मिली ओतलं. पीकेए ४.७४ दिला आहे. पीएच किती? पर्याय: ४.३४, ४.५६, ४.७४, ४.९२.

आधी मिलिमोल काढ. मोलॅरिटी गुणिले मिली, म्हणजे अ‍ॅसिड १० मिलिमोल आणि बेस ४ मिलिमोल. सोडियम हायड्रॉक्साइड स्ट्राँग बेस आहे आणि अ‍ॅसिडपेक्षा कमी आहे, म्हणून तो इथे शिल्लक राहत नाही. त्याचा प्रत्येक मोल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा एक मोल खातो आणि सोडियम अ‍ॅसिटेटचा एक मोल तयार करतो. रफ कामाला दोनच ओळी लिहायच्या:

```
        CH3COOH   NaOH   CH3COONa
आधी        10       4        0
नंतर        6       0        4
```

सूत्रात जायचे आकडे खालच्या ओळीतले, वरच्या ओळीतले नाहीत. एकूण आकारमान १४० मिली झालं, पण त्याने भागायची गरज नाही. सॉल्ट आणि अ‍ॅसिड एकाच द्रावणात आहेत, त्यामुळे दोघांनाही १४० नेच भागावं लागेल आणि ते कटून जाईल. बफर आहे तोवर मिलिमोलचाच अपूर्णांक घे. तेवढाच एक भागाकार वाचतो.

आता लगेच लॉग घेऊ नकोस. खालच्या ओळीकडे बघ. अ‍ॅसिड ६, सॉल्ट ४. अ‍ॅसिड जास्त आहे, म्हणजे द्रावण अ‍ॅसिडच्या बाजूला झुकलेलं आहे, म्हणजे पीएच पीकेएच्या खाली असणार. कागदाच्या कोपऱ्यात "४.७४ च्या खाली" एवढं लिहून टाक. दोन पर्याय तिथेच गळले: ४.७४ आणि ४.९२.

मग किती खाली ते बघ. सॉल्ट अ‍ॅसिडच्या बरोबर निम्मं असतं, तर पीएच ०.३० ने खाली आला असता, कारण २ चा लॉग ०.३०. इथे सॉल्ट निम्म्यापेक्षा जास्त आहे, सहाला चार. म्हणजे घट ०.३० पेक्षा कमी. उत्तर ४.४४ आणि ४.७४ यांच्या मधेच कुठेतरी आहे. ४.३४ बाहेर गेला. राहिला ४.५६. लॉग अजून घेतलाही नाही.

आता तो घेऊन पडताळा कर:

```
pH = pKa + log(salt/acid)
   = 4.74 + log(4/6)
   = 4.74 + 0.60 - 0.78
   = 4.56
```

बाकीचे तीन पर्याय कुठून आले तेही बघून ठेव. अपूर्णांक उलटा, सहावर चार न धरता चारावर सहा धरला, की उणे ०.१८ च्या जागी अधिक ०.१८ येतो आणि उत्तर ४.९२ होतं. अ‍ॅसिडमधून चार वजा करायचे राहिले, तर दहावर चार, म्हणजे ४/१० चा लॉग उणे ०.४०, उत्तर ४.३४. आणि प्रश्नात दोन्हीकडे ०.१ मोलर दिसलं म्हणून ०.१ भागिले ०.१ केलं, तर लॉग शून्य आणि उत्तर थेट ४.७४. तीन चुका, तीन पर्याय.

उलट्या अपूर्णांकाचं उत्तर पीकेएच्या बरोबर पलीकडे, तेवढ्याच अंतरावर पडतं. ४.५६ आणि ४.९२ दोन्ही ४.७४ पासून ०.१८ वर आहेत. पर्यायांत पीकेएच्या दोन्ही बाजूंना अशी समान अंतरावरची जोडी दिसली, तर खरं उत्तर बहुतेक त्या जोडीतलंच असतं आणि प्रश्न फक्त बाजू ओळखण्याचा उरतो. पण जोडी दिसली म्हणून डोळे मिटून त्यातला एक निवडू नकोस, बाजू मिलिमोल बघूनच ठरव. कारण हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारता येतो: सोडियम अ‍ॅसिटेट १० मिलिमोल, त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ४ मिलिमोल. इथे स्ट्राँग अ‍ॅसिड सॉल्टला खातं. सॉल्ट ६ उरतं, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ४ तयार होतं. सॉल्ट जास्त, म्हणून पीएच पीकेएच्या वर, आणि उत्तर ४.९२. आकडे तेच, पर्याय तेच, आणि मघाशी चुकलेला पर्याय इथे बरोबर. म्हणून "मोठा आकडा वर" किंवा "दिलेला बेस वर" अशी पाठांतरं टिकत नाहीत. कुणी कुणाला खाल्लं आणि शेवटी काय उरलं, एवढंच टिकतं.

आता लॉगच्या पायरीकडे वळू. टेबल नसताना तीन लॉग पाठ पाहिजेत: २ चा ०.३०१०, ३ चा ०.४७७१, ७ चा ०.८४५१. पाचाचा वेगळा पाठ करायचा नाही, दहा भागिले दोन, म्हणून १ उणे ०.३०१० म्हणजे ०.६९९०. बफरच्या गणितातले बहुतेक अपूर्णांक एवढ्यावर फुटतात. त्यासाठी अपूर्णांक अपूर्णांकच ठेवायचा. ४/६ चं ०.६६७ केलंस की लॉग अवघड होतो. ४/६ म्हणजे २/३ ठेवलंस की ०.३० उणे ०.४८, झालं. आणि भागाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची वजाबाकी. घाईत पुष्कळ जण लॉग ४ ला लॉग ६ ने भागतात. ०.६० भागिले ०.७८ म्हणजे ०.७७, आणि पीएच ५.५१. "४.७४ च्या खाली" हे आधी कोपऱ्यात लिहिलेलं असलं, तर ही चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

किती दशांश घ्यायचे हे पर्यायांमधलं अंतर ठरवतं. पर्याय ०.०५ किंवा त्याहून लांब असतील, तर ०.३० आणि ०.४८ पुरतात. दोन पर्याय एकमेकांपासून ०.०१ वर असतील, तर चारही दशांश घे आणि राउंडिंग अगदी शेवटी एकदाच कर.

इथे एक खाच आहे. आपल्याच प्रश्नात पीकेए न देता Ka = 1.8 × 10⁻⁵ दिला असता, तर? त्याचा पीकेए ४.७४४७ येतो. त्यातून ०.१७६१ गेले की उरतात ४.५६८६, म्हणजे ४.५७. पीकेए ४.७४ धरला तर ४.५६, मूळ केए धरला तर ४.५७. दोन्ही पर्याय समोर असतील, तर पेपरात जे दिलंय तेच वापरायचं. क्लासमध्ये पाठ झालेला ४.७४ मनाने घालायचा नाही. केए दिला असेल तर मधे पीकेए काढूच नकोस. आधी हायड्रोजन आयनचं प्रमाण काढ आणि लॉग शेवटी एकदाच घे:

```
[H+] = Ka × acid/salt
     = 1.8 × 10^-5 × 6/4
     = 2.7 × 10^-5
pH   = 5 - log 2.7 = 5 - 0.43 = 4.57
```

लक्ष दे, या सूत्रात अ‍ॅसिड वर आहे. लॉगच्या सूत्रात सॉल्ट वर होतं. दोन्ही बरोबर आहेत, कारण पीएच काढताना उणे चिन्ह लागतं आणि त्या उणे चिन्हानेच अपूर्णांक उलटतो. "वर काय, खाली काय" हा तुझा गोंधळ बहुधा या दोन सूत्रांच्या सरमिसळीतून होतोय. कुठलं तरी एक पक्कं धर. हायड्रोजन आयनचं सूत्र डोळ्यांना जास्त पटणारं आहे: अ‍ॅसिड वर, म्हणजे अ‍ॅसिड वाढलं की हायड्रोजन आयन वाढतात. त्यात उलटसुलट व्हायला जागा कमी आहे.

आता बार. बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल चालतं, म्हणून तो तिथे जास्त छळतो. 1.8 × 10⁻⁵ चा लॉग टेबलावरून "बार ५ पॉइंट २५५३" असा येतो. बार फक्त पाचावर आहे. म्हणजे उणे ५ अधिक ०.२५५३, एकत्र केलं की उणे ४.७४४७. बार सगळ्या आकड्यावर आहे असं समजून उणे ५.२५५३ वाचलं की पीकेए ५.२६ येतो, आणि तो आकडाही पर्यायांत बसवलेला असू शकतो. ही चूक पकडायला लॉग लागत नाही. 1.8 × 10⁻⁵ हे 1 × 10⁻⁵ पेक्षा जास्त आहे, आणि 10⁻⁴ पेक्षा कमी. हायड्रोजन आयन जास्त तर पीएच कमी. म्हणून उत्तर पाचाच्या खाली आणि चाराच्या वरच यायला हवं. घात उणे ५ दिसला आणि पुढचा आकडा १ ते १० मधला असला, की उत्तर चार आणि पाचाच्या मधे. केए असो, हायड्रोजन आयन असोत, हे बदलत नाही. बार बाजूला ठेवून सरळ "५ उणे लॉग १.८" असं लिहायची सवय लाव, बार डोळ्यांसमोर येणारच नाही.

उलट दिशेने, पीएच दिला आणि हायड्रोजन आयन विचारले, तर तीच काळजी. पीएच ४.५६ म्हणजे 10⁻⁴·⁵⁶. याचं उणे ५ अधिक ०.४४ कर. अँटिलॉग ०.४४ चा घ्यायचा, ०.५६ चा नाही. तो २.७५ येतो, उत्तर 2.75 × 10⁻⁵. ०.५६ चा घेतला तर ३.६३ येतो, आणि तो पर्यायही सहसा ठेवलेला असतो. इथे मात्र "चार ते पाचाच्या मधे" ही चाचणी अपुरी पडते, कारण 3.63 × 10⁻⁵ सुद्धा त्याच घरात बसतं. पण पाचाचा लॉग ०.७०, तिनाचा ०.४८, दोनाचा ०.३०. तुला ०.४४ वाला आकडा हवाय, म्हणजे तो दोन आणि तीनच्या मधलाच.

सगळ्यात जवळचे पर्याय आधीच तयार असलेल्या बफरमध्ये थोडं अ‍ॅसिड घालण्याच्या प्रश्नात येतात. एक लिटर बफर, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ०.१ मोल, सोडियम अ‍ॅसिटेट ०.१ मोल, त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ०.०१ मोल, आकारमान तेवढंच. पर्याय: ४.६५, ४.६९, ४.७८, ४.८३. अ‍ॅसिड घातलंय, पीएच ४.७४ च्या खालीच जाणार, म्हणून शेवटचे दोन लगेच गेले. ४.६५ आणि ४.६९ मधला फरक फक्त ०.०४. इथे चुकतं ते असं: सॉल्ट ०.१० चं ०.०९ करतात आणि अ‍ॅसिड ०.१० च ठेवतात. लॉग ०.९ उणे ०.०४६, उत्तर ४.६९. पण जे सॉल्ट गेलं त्याचंच अ‍ॅसिड झालं ना! अ‍ॅसिड ०.११ झालं. अपूर्णांक ९/११, आणि उत्तर ४.६५.

११ चा लॉग पाठ नसेल, तरी अडत नाही. एखादी रक्कम दहा टक्क्यांनी बदलली की तिचा लॉग साधारण ०.०४ ने बदलतो. इथे वरचा आकडा दहा टक्क्यांनी खाली गेला आणि खालचा दहा टक्क्यांनी वर, म्हणून घट जवळपास दुप्पट, ०.०९ च्या आसपास. ४.७४ मधून ०.०९ गेले की ४.६५. एकच बाजू बदललेल्याचं उत्तर ०.०४ ते ०.०५ वर थांबतं. पर्याय एवढे जवळ असले, तरी घट दुप्पट आहे की एकपट हे ओळखायला टेबल लागत नाही.

अमोनियाच्या बफरमध्ये वेगळा सापळा आहे, आणि तो योगायोगाने तयार झालाय. अमोनियाचा पीकेबी सुद्धा ४.७४ च आहे. अमोनियम हायड्रॉक्साइड ०.२ मोलर, अमोनियम क्लोराइड ०.१ मोलर, असा प्रश्न असला की सूत्र पीओएचचं लागतं:

```
pOH = pKb + log(salt/base)
    = 4.74 + log(1/2) = 4.44
pH  = 14 - 4.44 = 9.56
```

४.४४ पर्यायांत असतोच, आणि ओळखीचा दिसतो म्हणून त्यावर खूण होते. अमोनियाच्या द्रावणाचा वास आठव. ते बेसिक द्रावण आहे, ४.४४ येणं शक्यच नाही. मग दिशा बघ: १४ उणे ४.७४ म्हणजे ९.२६ हा इथला मध्य. बेस सॉल्टपेक्षा जास्त आहे, म्हणून पीएच ९.२६ च्या वर. ८.९६ हा उलटलेला पर्याय गेला, ९.५६ राहिला.

आता एक ठिकाण, जिथे हे सूत्रच चालत नाही. पहिल्याच प्रश्नात सोडियम हायड्रॉक्साइड ४० ऐवजी १०० मिली ओतलं असतं, तर १० मधून १० गेले, अ‍ॅसिड शून्य. खाली शून्य आलं म्हणजे ते बफर उरलं नाही, फक्त सॉल्ट उरलं. काही जण इथे "दोन्ही सारखे, म्हणून पीएच पीकेएएवढा" असं लिहितात, तर काही जण "न्यूट्रल झालं, म्हणून ७". दोन्ही चूक. पीएच पीकेएएवढा होतो तो अर्ध्या वाटेवर, ५० मिलीला. १०० मिलीला वीक अ‍ॅसिड आणि स्ट्राँग बेसचं सॉल्ट आहे आणि ते बेसिक असतं. तासगावात बेदाण्यासाठी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात, त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. तेही याच जातीचं सॉल्ट. त्यात कुणी बेस वेगळा ओतलेला नसतो, तरी त्याचा सामू अकराच्या वर जातो. आपल्या अ‍ॅसिटेटचं बेसिकपण त्यापेक्षा खूप सौम्य आहे:

```
pH = 7 + (pKa + log c)/2
   = 7 + (4.74 - 1.30)/2 = 8.72
```

इथे सी म्हणजे सॉल्टची तीव्रता, १० मिलिमोल भागिले २०० मिली, ०.०५ मोलर. बघ, आकारमान इथे परत आलं. बफरमध्ये ते कटत होतं, कारण वर-खाली दोन्हीकडे होतं. सॉल्ट एकटं उरलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर ०.१ धरून ८.८७ येतो. १२० मिली ओतलं तर २ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड उरतो, तेव्हा तर सॉल्टकडे बघायचंही नाही. २ भागिले २२०, त्याचा पीओएच २.०४ आणि पीएच ११.९६. म्हणून त्या दोन ओळी प्रत्येक वेळी लिहायच्या. कुठलं सूत्र लागणार हे दुसरी ओळच सांगते: अ‍ॅसिड आणि सॉल्ट दोन्ही उरले तर बफर, सॉल्ट एकटं तर हायड्रॉलिसिस, स्ट्राँग बेस उरला तर फक्त तोच.

आणि बफर असला, तरी उत्तर पीकेएपासून एकापेक्षा जास्त लांब आलं, तर परत मिलिमोल तपास. एवढं लांब जायला सॉल्ट आणि अ‍ॅसिडमध्ये दहापट फरक लागतो. तुझ्या आकड्यांत तेवढा फरक दिसत नसेल, तर लॉगमध्ये किंवा चिन्हात काहीतरी सुटलंय.

एक प्रश्न सोडवायला देतो. ०.१ मोलर अमोनियम हायड्रॉक्साइड ५० मिली, त्यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड २० मिली, पीकेबी ४.७४. उत्तर ९.४४ यायला पाहिजे. ४.५६ आलं तर १४ मधून वजा करायचं राहिलं. ९.०८ आलं तर अपूर्णांक उलटला. ९.६६ आलं तर पाचातून दोन वजा करायचे राहिले. यातलं जे येईल ते वहीत प्रश्नाशेजारी लिहून ठेव. असे दहा प्रश्न झाले की तुझी चूक यांतली नेमकी कोणती, ते तुझ्याच वहीत दिसेल.